रेशन कमी मिळतंय? माहिती अधिकाराचा अर्ज असा लिहा

रेशन दुकानात धान्य कमी मिळालं की उत्तर ठरलेलं असतं, "ताई, वरूनच माल कमी आलाय." हे खरं की खोटं, हे दुकानदाराशी वाद घालून कळत नाही. ते कळतं सरकारी कागदावरून, आणि तो कागद बघायचा हक्क आपल्याला माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ या कायद्याने दिला आहे. अट एकच, नेमका कागद नेमक्या कार्यालयाकडे मागायला हवा. या अंकात रेशनचंच उदाहरण घेऊन एक अर्ज पहिल्या ओळीपासून लिहून बघू.

समजा, एका ताईचं प्राधान्य कुटुंबाचं कार्ड आहे. घरात पाच माणसं. अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिन्याला ५ किलो म्हणजे २५ किलो धान्य मिळायला हवं. (अंत्योदय कार्डाला माणसं कितीही असली तरी कार्डामागे ३५ किलो.) या ताईला ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर २०२५ असे तीन महिने २० किलोच मिळालं. म्हणजे १५ किलो धान्य गेलं. गेलं कुठे, हा प्रश्न आहे.

"का" विचारू नका, कागद मागा

बऱ्याच जणी अर्ज असा लिहितात: "आमच्या गावात रेशन कमी का मिळते? दुकानदारावर कारवाई का होत नाही? आम्हाला न्याय मिळावा." मन मोकळं होतं, पण हाती काही लागत नाही. कार्यालयाकडून उत्तर येतं, "आपला अर्ज प्रश्नार्थक स्वरूपाचा असल्याने माहिती देता येत नाही."

याचं कारण समजून घ्या. या कायद्यात "माहिती" म्हणजे कार्यालयाच्या दप्तरात जे आहे ते: आदेश, नोंदवही, पावती, अहवाल, संगणकातली नोंद. अधिकाऱ्याने विचार करून नवं उत्तर तयार करावं, अशी सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली हेच सांगितलं आहे की, जी माहिती दप्तरात आहे तीच द्यायची. न्याय मागायचा, कारवाई मागायची, तर त्यासाठी तक्रार अर्ज वेगळा.

म्हणून लिहायला बसण्याआधी स्वतःला विचारायचं, "हे कोणत्या कागदावर लिहिलेलं असेल?" धान्याचा प्रवास डोळ्यासमोर आणला की कागद आपोआप सुचतात. आधी दुकानाला महिन्याचं धान्य मंजूर होतं, त्याला नियतन म्हणतात. मग सरकारी गोदामातून गाडी दुकानावर येते आणि दुकानदार पोचपावतीवर सही करतो. मग अंगठा घेऊन वाटप होतं, त्याची नोंद ई-पॉस मशीनमध्ये राहते. तीन टप्पे, तीन कागद. धान्य यातल्या ज्या टप्प्यावर गळालं असेल तो टप्पा कागदावर दिसतो.

अर्ज कुणाच्या नावे?

इथे अर्ध्या अर्जांची गाडी चुकते. रेशनची माहिती दुकानदाराकडे मागायची नसते आणि ग्रामपंचायतीकडेही नाही. हे कागद तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत असतात, म्हणून अर्ज तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याला. असं लिहा:

प्रति,
जनमाहिती अधिकारी,
पुरवठा शाखा, तहसील कार्यालय,
ता. ______, जि. ______

साहेबांचं नाव लिहायची गरज नाही. साहेब बदलून जातात, पद तिथेच राहतं. जनमाहिती अधिकारी कोण आणि त्यांच्यावरचे अपिलीय अधिकारी कोण, हे प्रत्येक कार्यालयात फलकावर लावलेलं असतं. अर्ज द्यायला जाल तेव्हा दोन्ही पदनामं वहीत उतरवून घ्या. पुढे अपील करायची वेळ आली तर दुसरी फेरी वाचते.

चुकून अर्ज दुसऱ्याच कार्यालयात गेला तर? कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवून तुम्हाला तसं कळवायचं असतं. "आमच्याकडे नाही" म्हणून अर्ज परत देता येत नाही. पण यात दिवस जातात, कधी अर्जच कुठे तरी पडून राहतो. म्हणून पत्ता पहिल्यांदाच बरोबर हवा.

गटाच्या नावाने नको, स्वतःच्या नावाने

कायद्याने हा हक्क नागरिकाला दिला आहे. गटाच्या लेटरहेडवर, अध्यक्ष-सचिवाच्या शिक्क्याने अर्ज गेला की "संस्थेला माहिती देता येत नाही" असं म्हणायला जागा मिळते. अर्ज एका ताईने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या घरच्या पत्त्यावर करावा. पाच जणींना अर्ज करायचा असेल तर पाच वेगळे अर्ज. माहिती कशासाठी हवी, हे लिहायची गरज नाही. कुणी विचारलं तरी सांगायचं बंधन नाही.

अर्जाचा नमुना

महाराष्ट्रात हा अर्ज जोडपत्र "अ" या नमुन्यात करतात. नाव, पत्ता, विषय, कालावधी, माहितीचं वर्णन, माहिती टपालाने हवी की स्वतः येऊन घेणार, आणि अर्जदार दारिद्र्यरेषेखालील आहे का, एवढंच त्यात असतं. दोन गोष्टी सांभाळा. एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. रेशनबरोबर रस्त्याचं आणि अंगणवाडीचंही विचारलं, तर पहिल्या विषयाचंच उत्तर देऊन ते मोकळे होऊ शकतात.

आपल्या ताईचा अर्ज असा होईल:

विषय: मौजे ______ येथील रास्त भाव दुकान क्र. ____ चे धान्य नियतन, पुरवठा व वाटप.

कालावधी: १ ऑक्टोबर २०२५ ते ३१ डिसेंबर २०२५.

वर्णन: वरील दुकानाबाबत खालील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.

१) प्राधान्य कुटुंब योजनेखाली प्रत्येक महिन्यासाठी मंजूर गहू व तांदळाचे नियतन दर्शविणारा आदेश.

२) गोदामातून दुकानात पोचविलेल्या धान्याच्या, दुकानदाराची सही असलेल्या पोचपावत्या.

३) प्रत्येक महिन्याचा सुरुवातीचा साठा, एकूण वाटप व अखेरची शिल्लक दर्शविणारा ई-पॉस अहवाल.

४) माझ्या शिधापत्रिका क्र. ______ वर प्रत्येक महिन्यात नोंदविलेले वाटप.

५) या काळात दुकानाची तपासणी झाली असल्यास तपासणी अहवाल, झाली नसल्यास तसे नमूद करावे.

बघा, यात "का" कुठेच नाही. दुकान नंबर आहे, तारखा आहेत, कागदाचं नाव आहे. "गेल्या दहा वर्षांची सर्व माहिती द्या" असं लिहिलं की माहिती व्यापक आहे म्हणून टाळता येतं, तीन महिन्यांच्या पावत्या टाळणं अवघड जातं. चौथ्या मुद्द्यात फक्त स्वतःचं कार्ड मागितलंय. गावातल्या सगळ्यांची नावं आणि कार्ड मागितली तर ती इतरांची वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जाऊ शकते. गावाचा हिशोब लागायला एकूण वाटपाचा आकडा पुरेसा आहे.

पैसे आणि पोच

अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील ताईंना ही फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यायची. ही पोच जपून ठेवा, पुढचे सगळे दिवस याच तारखेपासून मोजले जातात. पोस्टाने पाठवलात तर स्पीड पोस्टाची पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. जिला लिहिता येत नाही तिने तोंडी सांगितलं तरी ते लिहून घ्यायला मदत करणं हे जनमाहिती अधिकाऱ्याचं काम आहे.

३० दिवसांत उत्तर यायला हवं. मध्ये "इतकी पानं आहेत, इतके रुपये भरा" असं पत्र येईल. पानाला २ रुपये दर आहे. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरत नाहीत, म्हणून पैसे लवकर भरा आणि पावती घ्या. मुदत उलटून गेल्यावर माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते.

उत्तर आल्यावर कसं वाचायचं?

समजा दुकानावर प्राधान्य योजनेची ८०० माणसं आहेत. माणशी ५ किलोप्रमाणे महिन्याचे ४,००० किलो, म्हणजे ४० क्विंटल. आता तिन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा.

नियतन ४०, पोच ४०, वाटप ४०, आणि ताईच्या कार्डावर २५ किलोची नोंद. म्हणजे माल वरून पूर्ण आला होता. मशीनमध्ये २५ चढले, पिशवीत २० पडले. इथे ताईने जपून ठेवलेली ई-पॉसची पावती कामाला येते, म्हणून दर महिन्याला पावती मागून घ्याच.

नियतन ४० आणि पोच ३२ असेल, तर लगेच बोट दाखवू नका. आधी सुरुवातीचा साठा बघा. मागच्या महिन्याचे ८ क्विंटल शिल्लक असतील तर ३२ आणि ८ मिळून ४० होतात, हिशोब जुळतो. शिल्लक काहीच नसेल तर मात्र माल खरंच कमी आला. तेव्हा भांडण दुकानदाराशी नाही, विचारायचं ते पुरवठा शाखेला. ताईच्या कार्डावर २० किलोचीच नोंद असेल तर तेही त्याच बाजूला बोट दाखवतं.

जिथे फरक दिसेल त्या कागदांच्या प्रती जोडून तहसीलदारांकडे तक्रार अर्ज द्या. अशा तक्रारीला नुसत्या "रेशन कमी मिळतं" या वाक्यापेक्षा वजन असतं.

उत्तर आलंच नाही तर

३० दिवसांत उत्तर नाही, किंवा अर्धवट आलं, तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. जोडपत्र "ब", २० रुपयांचा स्टॅम्प, आणि फलकावरून उतरवून घेतलेल्या अपिलीय अधिकाऱ्याच्या पदनामाने. अपिलात नवे मुद्दे घालू नका. "मुद्दा क्र. २ च्या पोचपावत्या मिळाल्या नाहीत" असं नेमकं लिहा. तिथेही काम झालं नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं.

अर्ज देण्याआधी तो गटातल्या दुसऱ्या ताईला वाचायला द्या आणि चार गोष्टी तपासायला सांगा: कार्यालय बरोबर आहे का, दुकान नंबर आणि तारखा आहेत का, प्रत्येक मुद्द्यात कागदाचं नाव आहे का, आणि कुठे "का" शिल्लक राहिलाय का. तो सापडला तर खोडा आणि त्या जागी कागदाचं नाव लिहा.