रजेच्या मेलमध्ये गाठ नको, तारीख हवी

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी रात्री माझ्या मामेबहिणीने फोन करून विचारलं, "ताई, साहेबांना रजेचा मेल लिहिलाय. पाठवण्याआधी एकदा बघतेस का?" ती पुण्यात एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. मी बरीच वर्षं कंपन्यांच्या एचआरमध्ये काढली आहेत, त्यामुळे घरातले असे मेल माझ्याकडे येतातच. मूळ मेल इंग्रजीत होता. इथे तो मराठीत देते.

"सर, खूप दिवसांपासून सांगायचं होतं, पण अवघड वाटत होतं. गेलं दीड वर्ष मला पाळीच्या वेळी फार रक्तस्राव होतोय. हिमोग्लोबिन आठच्या खाली गेलं होतं. सोनोग्राफीत गर्भाशयात दोन गाठी निघाल्या, मोठी सात सेंटीमीटरची आहे. गोळ्यांनी फरक पडला नाही, आता डॉक्टर गर्भाशय काढायलाच सांगतायत. आम्हाला आणखी मूल नको आहे, त्यामुळे मिस्टरांचीही हरकत नाही. साधारण महिनाभर लागेल म्हणतात. कामाच्या घाईत हे सांगतेय, माफ करा. लॅपटॉप जवळ ठेवीन, कधीही फोन करा. सोबत रिपोर्ट जोडलेत."

विषयाच्या ओळीत शस्त्रक्रियेचं नावच होतं.

मी तिला एवढंच विचारलं, "तू जाणार कधी आणि येणार कधी?" ती म्हणाली, "लिहिलंय ना, महिनाभर." कुठला महिना, कोणत्या वारी शेवटचं काम, कोणत्या वारी परत, यातलं काही त्या मेलमध्ये नव्हतं. साहेबांना तिच्या गाठीचं माप कळलं असतं, पण वीस तारखेचं रिटर्न कोण भरणार ते कळलं नसतं.

असे मेल मी शेकड्यांनी पाहिले आहेत आणि त्यामागचं मनही मला ठाऊक आहे. आपण रजा मागतो तेव्हा आतून आपल्याला वाटत असतं की समोरच्याला खरं वाटणार नाही. म्हणून आपण पुरावा द्यायला लागतो, आणि आजारपणात पुरावा म्हणजे आपलं शरीर. जितकं जास्त सांगू तितकी रजा पक्की, असा तो हिशेब असतो. पण आजार खरा आहे की नाही हे ठरवणं साहेबांचं कामच नाही. ते डॉक्टरांनी आधीच ठरवलेलं आहे आणि तसं लिहून सही केली आहे. साहेबांना ठरवायचं आहे ते इतकंच की या बाईच्या गैरहजेरीत तिचं काम कसं चालवायचं. त्यासाठी त्यांना लागतात तारखा.

म्हणून आम्ही आधी डॉक्टरांनी काय सांगितलंय ते कागदावर काढलं. दाखल व्हायचं १० नोव्हेंबरला, शस्त्रक्रिया ११ ला. चार आठवडे विश्रांती. ४ डिसेंबरला फेरतपासणी. त्यापुढे दोन आठवडे वजन उचलायचं नाही, दुचाकी नाही, लांबचा प्रवास नाही. मग कॅलेंडर समोर ठेवून सोमवार ते शुक्रवार मोजले. कामाचे बरोबर वीस दिवस भरले. तिच्या खात्यावर आजारपणाच्या सात रजा होत्या आणि अर्जित रजा भरपूर शिल्लक होती. त्यानंतर मी विचारलं की या चार आठवड्यांत तुझ्या टेबलावर काय काय येतं. ते तिला तोंडपाठ होतं : ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, २० पर्यंत जीएसटीआर-३बी, आणि नोव्हेंबरचा टीडीएस ७ डिसेंबरपर्यंत.

नवा मेल असा झाला.

"विषय : वैद्यकीय रजा, १० नोव्हेंबर ते ७ डिसेंबर

सर, माझी शस्त्रक्रिया ठरली असून त्यानंतर डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. त्यासाठी सोमवार, १० नोव्हेंबर ते रविवार, ७ डिसेंबर अशी रजा हवी आहे. कामाचे वीस दिवस होतात. सात आजारपणाच्या रजेतून आणि तेरा अर्जित रजेतून धरावेत.

सोमवार, ८ डिसेंबरला मी रुजू होईन. १९ डिसेंबरपर्यंत प्रवास टाळायला सांगितलं आहे, त्यामुळे ते दोन आठवडे घरून काम करण्याची परवानगी द्यावी. ४ डिसेंबरला फेरतपासणी आहे. तारखा बदलल्या तर त्याच संध्याकाळी कळवीन.

ऑक्टोबरचं जीएसटीआर-१ मी निघण्याआधी भरून जाईन. २० नोव्हेंबरचं जीएसटीआर-३बी आणि ७ डिसेंबरचा टीडीएस भरणा दुसऱ्या कुणाकडे द्यावा लागेल. ज्यांच्याकडे द्याल त्यांना गुरुवारी, ६ तारखेला बसून सगळं समजावून देईन. रजेच्या काळात मला काम करता येणार नाही. डॉक्टरांचं प्रमाणपत्र एचआरकडे वेगळं पाठवत आहे."

यातल्या काही शब्दांवर आमची बरीच घासाघीस झाली. ती म्हणाली, "मग 'वैयक्तिक कारण' एवढंच लिहू का?" मी नको म्हटलं. वैयक्तिक कारणात घरचं लग्नही येतं आणि घर बदलणंही. तिथे साहेब सहज म्हणू शकतात, पंधरा दिवस पुढे ढकला. 'वैद्यकीय' म्हटलं की या तारखा रुग्णालयाने ठरवल्या आहेत हे कळतं. 'शस्त्रक्रिया' हा शब्दही मी त्याचसाठी ठेवला. तो कुठल्याही अवयवाचं नाव घेत नाही, पण दिवस ठरलेला आहे हे सांगतो. ज्याला तेवढंही सांगायचं नसेल त्याने 'डॉक्टरांनी ठरवलेले उपचार' म्हणावं. खोटं मात्र काही लिहू नये. व्हायरल ताप म्हणून रजा घेतली आणि प्रमाणपत्रावर भलतंच निघालं, तर तुमच्या आजाराऐवजी तुमच्या शब्दावर चर्चा सुरू होते.

प्रवासाची अट बघा. ती दुचाकीवरून हडपसरहून हिंजवडीला जाते. प्रवास का टाळायचा हे साहेबांना कळायची गरज नाही, कधीपर्यंत टाळायचा हे कळलं की भागतं. शरीराला काय झालंय त्याऐवजी शरीराला काय जमणार नाही आणि किती दिवस, एवढंच सांगावं. घरून काम, वजन उचलणं, रात्रपाळी, जास्त वेळ उभं राहणं, सगळ्याला हेच लागू पडतं.

'लॅपटॉप जवळ ठेवीन' हे वाक्य खोडायला ती सगळ्यात जास्त कचरली. पण एकीकडे डॉक्टर लिहून देतात की ही व्यक्ती कामाला असमर्थ आहे, आणि दुसरीकडे तीच व्यक्ती रुग्णालयाच्या खाटेवरून मेलला उत्तरं देते. त्या प्रमाणपत्राला मग काय अर्थ उरला?

आता जोडलेल्या कागदांबद्दल. तिने सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट जोडले होते. लोक तर नंतर डिस्चार्ज कार्डही पाठवतात. त्यावर जुने आजार, चालू औषधं, बाळंतपणं, गर्भपात सगळं नोंदलेलं असतं. विम्याच्या दाव्यासाठी हे कागद विमा कंपनीला द्यावेच लागतात, पण साहेबांच्या टेबलाशी त्यांचा संबंध नाही. रजेला लागतं ते वैद्यकीय प्रमाणपत्र. त्यातही एक मेख आहे. आपल्याकडच्या डॉक्टरांसाठी मेडिकल कौन्सिलने २००२ च्या नियमावलीत रजेच्या प्रमाणपत्राचा जो नमुना दिला, त्यात आजाराच्या नावासाठी मोकळी जागा आहे. म्हणजे ज्याच्या हाती प्रमाणपत्र पडलं, त्याला आजार कळला. डॉक्टरांना विनंती करता येते की तिथे 'शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती' असं लिहाल का. लिहायचं की नाही हे त्यांच्यावर आहे. पण त्यांनी ते मान्य केलं तरी वर छापलेलं 'स्त्रीरोग व प्रसूती रुग्णालय' बोलायचं ते बोलतंच. मनोविकार, वंध्यत्व, कर्करोग, या नावांच्या रुग्णालयांचंही तसंच.

म्हणून प्रमाणपत्र थेट एचआरकडे द्यावं. रजेच्या पोर्टलवर टाकण्याआधी तिथे विचारून घ्यावं की जोडलेली फाइल कुणाकुणाला दिसते, कारण बऱ्याच पोर्टलवर रजा मंजूर करणाऱ्या प्रत्येकाला ती उघडता येते. पूर्वी मी काम केलेल्या एका ठिकाणी एका तरुणाने आपले सगळे कागद साहेबांना पाठवले होते. साहेबांनी वाईट हेतूने काही केलं नाही; मंजुरीसाठी मेल पुढे ढकलला, त्यांच्या वरिष्ठांनी तो आणखी पुढे ढकलला. चार दिवसांनी त्या मुलाला कॅन्टीनमध्ये कुणीतरी विचारलं, "ट्रीटमेंटने फरक पडतोय का रे?" त्याचा चेहरा मला अजून आठवतो. डॉक्टरांना रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवण्याचं बंधन असतं. मेल पुढे पाठवणाऱ्या माणसाला तसल्या बंधनाची आठवणही नसते.

विषयाच्या ओळीचं कारणही हेच. मीटिंगमध्ये साहेबांचा स्क्रीन भिंतीवर दिसत असतो आणि कोपऱ्यात नव्या मेलची चौकट उमटते : पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि पहिली ओळ. तेवढं दहा जणांनी वाचलं तरी चालेल असंच तिथे लिहावं.

काही वेळा मात्र आजाराचं नाव सांगावंच लागतं. गर्भपात झाला तर बाईला सहा आठवड्यांच्या पगारी रजेचा हक्क आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून तो चालत आला आहे. तो कारणावरच उभा असल्यामुळे कारण आणि दाखला द्यावा लागतो. फुफ्फुसांचा क्षयरोग निघाला तर शेजारी बसणाऱ्यांची तपासणी व्हायला हवी. गाडी किंवा यंत्र चालवणाऱ्याला फिट्स येत असतील तर तेही लपवून चालणार नाही. पण अशा वेळीही ते एचआरला किंवा कंपनीच्या डॉक्टरांना सांगायचं असतं, अख्ख्या टीमला कॉपी लावून नाही.

"आणि समोरासमोर विचारलं तर?" हा तिचा शेवटचा प्रश्न. साहेब वडिलांच्या वयाचे, चांगले. ते काळजीने विचारणारच. आम्ही एक उत्तर ठरवून ठेवलं : "ठरवून करायची शस्त्रक्रिया आहे सर, काळजीचं काही नाही. आठ तारखेला येतेय." यात तुटकपणा नाही, आणि बोलणं आपसूक तारखेवर येतं. तिला त्यांना सांगावंसं वाटलं तर ती तोंडी सांगेलच. बोललेलं फॉरवर्ड होत नाही.

सोमवारी सकाळी तिने मेल पाठवला. दुपारी उत्तर आलं : "रजा मंजूर. वीस तारखेचं मी स्वतः बघतो. काळजी घ्या." ४ डिसेंबरच्या तपासणीत डॉक्टरांनी आणखी एक आठवडा थांबायला सांगितलं. जखमेचं काय झालं होतं ते तिने मला फोनवर सविस्तर सांगितलं. साहेबांना त्या संध्याकाळी तिने मला न विचारताच लिहिलं : "आजच्या तपासणीनुसार रजा १४ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागत आहे. सोमवार, १५ डिसेंबरला रुजू होईन. नवं प्रमाणपत्र एचआरकडे पाठवलं आहे."