ओठांच्या रेषा राखून भेगांची सफाई

फोटोतले फुटलेले ओठ नीट करायचे, तर आधी ओठांवर नेमके काय काय दिसते आहे ते वेगळे ओळखावे लागते. ओठांची कातडी गालाच्या कातडीपेक्षा बरीच पातळ असते, तिच्यात घामग्रंथी नसतात आणि तैलग्रंथीही जवळपास नसतात. म्हणून थंड, कोरड्या हवेत ओठ सगळ्यात आधी सुकतात. वरचा थर सुटून पांढुरकी सालपटे उभी राहतात. थर आणखी ताणला गेला की भेग पडते, तिच्या कडा लालसर होतात. यांच्या जोडीला ओठांवर मुळातल्या उभ्या रेषा असतातच. त्या निरोगी, ओल्या ओठांवरही असतात, माणसागणिक वेगळ्या असतात, आणि ओठ हसला, मिटला, ताणला तरी त्याला आकार देण्याचे काम त्याच करतात. त्या पुसल्या की तोंड मेणाचे दिसू लागते.

अडचण अशी की सालपट आणि रेषा यांचा आकार फोटोत साधारण सारखाच असतो. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने जवळून काढलेला चेहऱ्याचा उभा फोटो घ्या. त्यात तोंडाची रुंदी सातशे पिक्सेलच्या आसपास भरते, रेषा चार ते आठ पिक्सेल जाड असते आणि बारीक सालपटही तेवढेच. ओठांवर ब्लर फिरवला तर दोन्ही एकदम जातात, याचे कारण हेच. फ्रीक्वेन्सी सेपरेशन या लोकप्रिय पद्धतीत फोटोचे दोन थर करतात, एकात बारीक पोत आणि दुसऱ्यात रंग-उजेड. तिचीही इथे तीच अडचण होते. ती तपशील आकारावरून वेगळे करते, त्यामुळे सालपटे आणि रेषा दोन्ही पोताच्याच थरात जाऊन बसतात. रंगाचे डाग काढायला ती उपयोगी आहे, पण सालपट कुठले आणि रेष कुठली हे ती सांगत नाही.

ते सांगतात दिशा आणि उजेड. रेषा ओठांच्या मध्यभागी जवळजवळ उभ्या असतात आणि कोपऱ्यांकडे जाताना पंख्यासारख्या तिरप्या होत जातात. त्यांची सावली दोन्ही बाजूंनी हळूहळू विरते. सालपटाला मात्र दिशा नसते. त्याची एक कड लखलखीत पांढरी आणि तिला चिकटून ठळक काळी सावली असते. भेग रेषेच्याच दिशेने गेलेली असू शकते, पण ती शेजारच्या रेषांपेक्षा कितीतरी गडद असते आणि तिच्याभोवतीचा रंग बदललेला असतो. फोटो 200 टक्क्यांवर मोठा करून आधी एक मिनिट नुसते पाहावे. ब्रश लगेच हातात घेतला की नको ते पुसले जाते.

फोटोशॉपमध्ये काम रिकाम्या लेयरवर करावे, म्हणजे मूळ फोटो शाबूत राहतो. हीलिंग ब्रश घेऊन Sample या पर्यायात Current & Below निवडावे. ब्रश सालपटापेक्षा किंचितच मोठा असावा. वरच्या उदाहरणातल्या सालपटाला दहा-बारा पिक्सेल पुरतात. Alt दाबून नमुना घ्यायचा तो त्याच ओठावरून, त्याच उंचीवरच्या, दोन-तीन रेषा पलीकडच्या स्वच्छ जागेवरून. उंची तीच असली की उजेडही जुळतो आणि रेषांचा कलही. कोपऱ्याजवळचे सालपट असेल तर नमुना त्याच कोपऱ्यातून घ्यावा. मध्यावरची उभी रेष तिथे आणून ठेवली तर ती लगेच परकी दिसते. जवळ स्वच्छ जागा नसलीच, तर Clone Source पॅनेलमध्ये नमुना काही अंशांनी फिरवून कल जुळवता येतो. ब्रशही रेषेच्या दिशेनेच, छोट्या फटकाऱ्यांनी चालवावा. स्पॉट हीलिंग ब्रश इथे टाळलेला बरा. तो नमुना स्वतःच निवडतो आणि रेषांची दिशा पाळेलच असे नाही.

ओठांच्या कडेवर हीलिंग ब्रश फसतो. तो पोत नमुन्यातून घेतो, पण रंग आणि उजेड भोवतालाशी जुळवतो. कडेला भोवताल म्हणजे अर्धा ओठ आणि अर्धी त्वचा, त्यामुळे तिथे मळकट, फिकट डाग उमटतो. अशा जागी क्लोन स्टॅम्प वापरावा आणि त्याचा मोड बदलावा. पांढऱ्या सालपटासाठी Darken ठेवला की नमुन्यापेक्षा उजळ असलेले पिक्सेलच बदलतात आणि शेजारच्या गडद रेषा सुरक्षित राहतात. भेगेसाठी Lighten ठेवावा, म्हणजे फक्त गडद भाग उजळतो. ओपॅसिटी 30 टक्क्यांच्या आसपास ठेवून तीन-चार वेळा फिरवल्यावर भेग हळूहळू उथळ होते. खालच्या ओठाच्या मधोमध पडलेली खोल भेग तर पूर्ण बुजवूच नये. बऱ्याच जणांना तिथे मुळातच एक पन्हळ असते, म्हणून भेग तिच्याइतकी पुसट झाली की थांबावे.

सालपटे गेली तरी ओठ ठिपक्याठिपक्यांचा दिसतो, कारण सालपटाखालची कातडी जास्त लाल आणि शेजारची फिकट असते. त्यासाठी वर आणखी एक लेयर घेऊन त्याचा मोड Color करावा. ओठाच्या निरोगी भागातला रंग आयड्रॉपरने उचलावा आणि मऊ ब्रशने, 10 ते 15 टक्के ओपॅसिटीवर, फिकट भागांवर फिरवावा. या मोडमध्ये उजेड-सावली बदलत नाही, म्हणून रेषा जशाच्या तशा राहतात.

उरते ती चमक, आणि खरा कस इथेच लागतो. ओल्या ओठावर खालच्या फुगीर भागात चमकेची एक सलग पट्टी दिसते. कोरड्या ओठावर ती तुटून पांढरे कण होतात. ती परत आणायला एक कर्व्ह्स लेयर उजळ करावा आणि त्याचा मास्क काळा करावा. मग पांढऱ्या ब्रशने, 3 टक्के फ्लोवर, दोन रेषांमधल्या उंचवट्यांवर उजेड चढवावा. रेषांवर ब्रश नेऊ नये. पट्टी रेषांनी खंडित दिसली पाहिजे. ती अखंड झाली तर लिपग्लॉस लावल्यासारखी वाटते.

तपासणी दोन अंतरांवरून होते. 100 टक्क्यांवर पाहताना ओठावरचा कणीदारपणा गालाइतकाच आहे का आणि एकच खूण दोनदा उमटली आहे का, हे बघावे. 25 टक्क्यांवर ओठ चेहऱ्यात मिसळलेला दिसावा, पहिली नजर तिथे अडकू नये. सगळे लेयर एका ग्रुपमध्ये ठेवून ग्रुपची ओपॅसिटी 80 टक्क्यांवर आणली की बहुतेक वेळा ओठ जास्त खरा वाटतो, कारण थोडा मूळ पोत परत येतो. ओठांवरचा तीळ किंवा जुना व्रण माणसाच्या ओळखीचा भाग असतो. त्याने सांगितल्याशिवाय तो काढू नये.

ओठ सगळाच सोलवटलेला असेल तर नमुन्याला जागाच उरत नाही. त्याच बैठकीतला, त्याच उजेडातला दुसरा फोटो असेल तर त्यातला बरा भाग आणता येतो. नसेल तर सालपटांची फक्त पांढरी कड गडद करून थांबणे योग्य, कारण कल्पनेने काढलेल्या रेषा त्या माणसाच्या नसतात. यातले पुष्कळ काम फोटो काढण्याआधीच वाचवता येते. दहा-पंधरा मिनिटे आधी लिप बाम लावून ठेवावा, मग ओलसर मऊ कापडाने ओठ हलके टिपावेत, म्हणजे सुटी सालपटे निघतात आणि जादा चमकही जाते. बाजूने पडणारा कडक उजेड प्रत्येक सालपटाची सावली लांबवतो. तो समोरून आणि मऊ केला तर निम्म्या भेगा कॅमेऱ्यात ठळक उतरतच नाहीत.