ओहोटीचे घड्याळ

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. पण परतायची वेळ चुकली, तर तीच वाट पाण्याखाली जाते. ती वेळ ठरते चंद्र-सूर्याच्या ओढीवर.

चंद्राची ओढ जवळच्या पाण्यावर जास्त, पृथ्वीच्या मध्यावर थोडी कमी आणि पलीकडच्या बाजूच्या पाण्यावर सर्वांत कमी असते. या फरकामुळे पाणी चंद्राकडे फुगते आणि त्याच्या विरुद्ध बाजूलाही फुगते. म्हणूनच कोकणात दिवसातून साधारण दोनदा भरती येते. पृथ्वी फिरेपर्यंत चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे भरती रोज सरासरी 50 मिनिटे उशिरा येते.

सूर्य प्रचंड असला तरी फार दूर आहे, म्हणून त्याचा भरतीवरचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी पडतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचा जोर एका रेषेत येतो आणि उधाण येते. त्या दिवसांत पाणी खूप चढते, तसेच खूप उतरतेही. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती असते आणि पाणी थोडेच हलते. प्रवाहाच्या जोरावर मासळी धरणाऱ्या डोल जाळ्याला म्हणूनच उधाण मानवते, भांगात ते रिकामे राहू शकते.

मुंबई-अलिबागकडे वेळेचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता भरती. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन. सुमारे सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. हा अंदाज आहे. नेमकी वेळ आणि उंची भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी. तक्त्यातली उंची त्या बंदराच्या ठरलेल्या शून्य पातळीपासून मोजतात. ती तुमच्या पायाखालच्या पाण्याची खोली नसते.

समजा, द्वितीयेच्या तक्त्यात लिहिले आहे: ओहोटी सकाळी 7:30, 0.5 मीटर, भरती दुपारी 1:40, 4.5 मीटर. म्हणजे सहा तासांत पाणी 4 मीटर चढणार, पण सारख्या वेगाने नाही. ढोबळ नियम असा की या चढाचे बारा भाग केले, तर दर तासाला अनुक्रमे 1, 2, 3, 3, 2, 1 भाग भरतात. साडेआठला पाणी जेमतेम 33 सेंटीमीटर वाढलेले असते, साडेनऊला एक मीटर आणि साडेदहाला दोन मीटर. पहिला तास शांत गेला म्हणून रेंगाळणारे इथेच फसतात. ओहोटीच्या तासभर आधी निघावे आणि साडेआठच्या आत किनाऱ्यावर परतलेले असावे. कालवे काढणाऱ्यांनाही हीच मुदत.

तक्ता वाऱ्याचा आणि वादळाचा हिशेब धरत नाही. समुद्राकडून जोराचा वारा असेल, तर पाणी लिहिल्यापेक्षा वर चढते. अशा दिवशी आकडे सोयीचे दिसले तरी किल्ल्याची वाट धरू नये.