फोटोतल्या दातांच्या तारा: कधी लपवायच्या, कशा लपवायच्या आणि कधी हात लावायचा नाही

घरात कुणाला फोटो एडिटिंग येतं हे एकदा नातेवाइकांना कळलं, की एक विनंती हमखास येते: "पोरीच्या दातांवरच्या तारा तेवढ्या काढून दे ना!" मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, फोटोग्राफर नाही. पण गेल्या वर्षभरात माझ्या मामेबहिणीच्या फोटोंवर हे काम मी दोनदा केलं, आणि दोन्ही वेळा वेगळ्या पद्धतीने केलं. ती दहावीत आहे. वरच्या दातांवर धातूचे ब्रॅकेट, त्यातून ओवलेली तार आणि प्रत्येक ब्रॅकेटभोवती तिने स्वतः निवडलेल्या निळ्या रबरी कड्या. या दोन फोटोंवरूनच आज आपण हा विषय समजून घेऊ. टूल म्हणून मी गिंप हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो.

आधी मोजा, मग ठरवा

बहुतेक जण थेट फोटो झूम करतात, तारा दिसल्या की कामाला लागतात. पण फोटो शेवटी कुठे आणि किती मोठा दिसणार आहे, हे आधी बघायला हवं. त्यासाठी साधं गणित पुरतं. टीनएजरचा चेहरा गालांपाशी साधारण 130 मिलिमीटर रुंद असतो. तारेची जाडी 0.4 ते 0.5 मिलिमीटर, ब्रॅकेटची रुंदी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, आणि वरचा पुढचा दात साडेआठ मिलिमीटर रुंद. फोटोतल्या चेहऱ्याची रुंदी पिक्सेलमध्ये मोजली, की बाकी सगळं निघतं:

```
एका मिमीचे पिक्सेल = चेहऱ्याची रुंदी (पिक्सेल) / 130
तारेचे पिक्सेल = एका मिमीचे पिक्सेल × 0.45
```

गिंपमध्ये मोजपट्टीचं टूल (`Measure`) घेऊन एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत ओढलं, की अंतर पिक्सेलमध्ये दिसतं.

लग्नातल्या ग्रुप फोटोत चेहरा जेमतेम 100 पिक्सेलचा असतो. म्हणजे तार एका पिक्सेलच्या एक-तृतीयांश. तिथे तार अशी काही उरतच नाही, दातांवर फक्त एक करडी छटा दिसते. अशा फोटोवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न मधल्या आकाराच्या फोटोंचा असतो.

पहिला फोटो: आजीच्या पंच्याहत्तरीची फ्रेम

आजी खुर्चीत, शेजारी मामेबहीण, मागे मामा-मामी. फोनवर काढलेला, 4000 पिक्सेल रुंद फोटो. हॉलमध्ये लावायला 18 × 12 इंचाची प्रिंट करायची होती. मामीला तारा पूर्ण काढून हव्या होत्या. "भिंतीवर कायमचा राहणार आहे रे तो," हे तिचं म्हणणं.

मामेबहिणीचा चेहरा मोजला तर 520 पिक्सेल भरला, म्हणजे एका मिलिमीटरला 4 पिक्सेल. तार सुमारे 2 पिक्सेल, ब्रॅकेट 14 पिक्सेल. आता हेच प्रिंटवर नेऊ. 18 इंच म्हणजे 457 मिलिमीटरमध्ये 4000 पिक्सेल, म्हणजे प्रिंटच्या एका मिलिमीटरला पावणेनऊ पिक्सेल. त्या हिशेबाने प्रिंटवर तार 0.2 मिलिमीटर आणि ब्रॅकेट 1.6 मिलिमीटर. सोफ्यावरून फ्रेमपर्यंत अंतर दोन मीटर धरलं, तर एवढ्या लांबून साधारण अर्ध्या मिलिमीटरहून लहान बारकावे डोळ्याला सहसा वेगळे ओळखू येत नाहीत. म्हणजे ज्या तारेबद्दल एवढी चर्चा चालली होती, ती भिंतीवर दिसणारच नव्हती!

मग दिसणार काय होतं? फ्लॅशमुळे ब्रॅकेटवर आलेले पांढरेशुभ्र ठिपके. लांबून नजर तिथेच जाते, कारण ते दातांपेक्षा आणि डोळ्यांतल्या चमकेपेक्षाही जास्त उजळ असतात. म्हणून उपाय एवढाच: ठिपके मंद करायचे, ब्रॅकेट तसेच ठेवायचे.

मी मामेबहिणीलाही विचारलं. ती म्हणाली, "दादा, तारा राहू देत. नाहीतर तो फोटो मी नसेन. फक्त ते चकाकतंय ते घालव." गणित आणि तिचं मत एकाच बाजूला पडलं. मामीला मी आधी प्रिंटच्या आकारात आणि दोन मीटरवरून स्क्रीन दाखवली, मग तिचंही समाधान झालं.

काम दहा मिनिटांचं आहे. एक नवीन पारदर्शक लेयर घ्या (`Layer > New Layer`, भरण `Transparency`) आणि त्या लेयरचा मोड `Darken only` करा. मग `Clone` टूल घ्या, त्यात `Sample merged` वर टिक करा. `Ctrl` दाबून त्याच दाताच्या स्वच्छ भागावर क्लिक करा आणि चकाकत्या ठिपक्यावर ब्रश फिरवा. या मोडची गंमत अशी, की नवीन रंग खालच्यापेक्षा गडद असेल तिथेच तो लागू होतो. त्यामुळे पांढरा ठिपका दाताच्या रंगावर उतरतो, पण ब्रॅकेटच्या गडद कडा आणि दातांमधल्या फटी जागच्या जागी राहतात. शेवटी लेयरची `Opacity` 70 च्या आसपास आणा. थोडी चमक उरायला हवी, नाहीतर धातू चिकणमातीसारखा मेलेला दिसतो.

दुसरा फोटो: अरंगेत्रमची पत्रिका

काही महिन्यांनी तिच्या भरतनाट्यमच्या अरंगेत्रमची पत्रिका करायची होती. पूर्ण पोशाखात, क्लोजअप, मोकळं हसू. या वेळी ती स्वतःच म्हणाली, की दागिने आणि मेकअपबरोबर निळ्या कड्या नको वाटतायत. चेहरा 1300 पिक्सेल रुंद, म्हणजे मिलिमीटरला 10 पिक्सेल. तार साडेचार पिक्सेल, ब्रॅकेट 35, पुढचा दात 85. पत्रिका हातात धरून बघितली जाणार. इथे सगळं दिसणार होतं, आणि सुदैवाने सगळं नीट काढण्याइतके पिक्सेलही होते.

फोटोग्राफरकडून मूळ फाइलच मागवली. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली कॉपी अशा कामाला चालत नाही. त्यात फोटो पुन्हा दाबून जेपेग होतो, आणि जेपेग 8 × 8 पिक्सेलच्या चौकोनांत काम करतं. बारीक, तीव्र रेघेभोवती त्या चौकोनात करडी जाळी पसरते. तुम्ही तार काढाल, पण तिच्याभोवतीचा मळ दातावर तसाच राहील. कड्यांचा निळा रंगही शेजारच्या पिक्सेलमध्ये झिरपलेला असतो. म्हणून फाइल `Document` म्हणून पाठवायला सांगा.

आता क्रम. आधी दोन ब्रॅकेटमधली तार, मग ब्रॅकेट. तार जिथे दोन दातांमधल्या फटीवरून जाते, तिथे ब्रश तारेपेक्षा किंचित मोठा घ्या, फटीच्याच रेषेवर थोडं खाली `Ctrl`+क्लिक करा आणि सरळ वर रंगवा. `Alignment` मध्ये `Aligned` निवडलं, तर स्रोत ब्रशबरोबर सरकतो आणि फट सलग येते. ही फट हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. ती पुसली गेली की दात वेगळे न दिसता एकच पांढरी पट्टी दिसते, आणि बघणाऱ्याला काय बिघडलंय ते सांगता आलं नाही तरी खटकतं.

ब्रॅकेट दाताच्या मध्यभागी असतो. त्याच्या वर आणि खाली स्वच्छ दाताची साधारण 30-30 पिक्सेलची पट्टी मिळते. दात एका रंगाचा नसतो: हिरडीजवळ पिवळसर, खालच्या कडेला किंचित निळसर-पारदर्शक. म्हणून ब्रॅकेटचा वरचा अर्धा भाग वरच्या पट्टीतून आणि खालचा अर्धा खालच्या पट्टीतून भरायचा. मध्यावर जो सांधा दिसेल, त्यावर `Heal` टूल हलकेच फिरवा.

`Heal` सुरुवातीलाच का नको? कारण ते स्रोताचा पोत घेतं, पण रंग आजूबाजूच्या जागेशी जुळवतं. आजूबाजूला अजून धातू, हिरडी किंवा काळी फट असेल, तर तोच रंग दातात ओढला जातो आणि किडल्यासारखा डाग पडतो. आधी `Clone`, शेजार स्वच्छ झाल्यावर `Heal`.

दोन गोष्टी मागे राहतात. एक, तारेची सावली: तारेच्या खाली दातावर एक फिकट करडी रेघ असते, तार गेल्यावर तीच उठून दिसते. दुसरी, ओठांच्या कोपऱ्यातला मागचा ब्रॅकेट. तिथे दात नव्याने रंगवू नका, तो भाग तसाही अंधारात असतो, फक्त चमक गडद करा.

मोह टाळायचा तो एकच: एक दात स्वच्छ झाला की त्याची उलटी प्रत शेजारी चिकटवायची. उजेड एका बाजूने येतो, त्यामुळे उलट्या दातावरची चमक चुकीच्या बाजूला जाते. आणि दात सरळही करायचे नाहीत. ते काम ऑर्थोडॉन्टिस्टचं.

आठ दातांना मला दीड तास लागला. काम 200 टक्के झूमवर केलं, पण दर दाताला `1` दाबून 100 टक्क्यांवर बघत होतो आणि लेयरचा डोळा बंद-चालू करून मूळ चेहऱ्याशी ताडत होतो. नीट झालंय का, याची माझी कसोटी सोपी आहे: बघणाऱ्याची नजर डोळ्यांकडून दातांकडे ओढली जाते का? जात असेल, तर कुठेतरी दात फार गुळगुळीत किंवा फार पांढरा झालाय.

कुठे हात लावायचा नाही

पासपोर्टसारख्या ओळखपत्राच्या फोटोत एडिटिंग चालत नाही, आणि तिथे तोंड मिटलेलंच हवं असतं, त्यामुळे तारांचा प्रश्नच येत नाही. एकाच कार्यक्रमाच्या अल्बममध्ये वीस फोटो असतील, तर एकातच तारा काढू नका. पुढचं पान उलटलं की फरक दिसतो, आणि वीस फोटो म्हणजे तीस तासांचं काम.

आणि ज्याचे दात आहेत त्याला विचारल्याशिवाय तर नकोच. दीड-दोन वर्षं तारा लावणाऱ्या मुलाला घरच्यांनी न विचारता "सुधारलेला" फोटो दाखवला, तर त्यातून तो एवढंच शिकतो की आपलं हसू दाखवण्यासारखं नाही.

काम झालं की `.xcf` फाइल ठेवा, प्रिंटसाठी वेगळी जेपेग काढा आणि मूळ फोटो त्याच फोल्डरमध्ये राहू द्या. मामेबहिणीने पत्रिकेसाठी एडिट केलेला फोटो वापरला. तिच्या फोनच्या वॉलपेपरवर मात्र निळ्या कड्यांवाला मूळ फोटो आहे.