आयसीयूतली साखर किती खाली आणायची?

पक्षाघाताच्या झटक्यानंतर साठी ओलांडलेले गृहस्थ आयसीयूत दाखल होतात. रक्तातली साखर 240 येते. घरचे चक्रावतात: ‘बाबांना तर शुगर कधीच नव्हती!’ असा प्रसंग मोठ्या रुग्णालयांत नेहमीचाच आहे, हार्ट अटॅकच्या रुग्णांतही तो दिसतो.

जिवावरचे संकट आले की शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके सोडते. त्यामुळे यकृत साठवलेली साखर रक्तात ओतते आणि इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. कधी मात्र जुना, न कळलेला मधुमेह याच वेळी उघडकीस येतो. दोन्हींतला फरक ओळखायला एचबीए1सी ही तपासणी उपयोगी पडते, कारण ती मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देते. ती 6.5 टक्के किंवा अधिक आली, तर मधुमेह आधीपासूनच असण्याची शक्यता बळावते. 5.6 आली, तर 240 हा आकडा बहुधा झटक्याच्या ताणाचा.

झटक्यानंतर साखर जास्त असलेल्या रुग्णांची प्रकृती अधिक बिघडते, हे डॉक्टरांना बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. मग साखर लवकर आणि पुरती खाली आणली तर मेंदू वाचेल, असे वाटणे साहजिक होते. अमेरिकेतल्या 63 केंद्रांवर 2012 ते 2018 या काळात ‘शाइन’ या चाचणीने नेमके हेच तपासले. रक्ताच्या गुठळीमुळे पक्षाघात झालेल्या आणि साखर वाढलेल्या 1,151 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला शिरेतून सतत इन्सुलिन देऊन साखर 80 ते 130 मिलिग्रॅममध्ये ठेवली. दुसऱ्याला त्वचेखाली इन्सुलिन देऊन ती 180च्या आत ठेवली. तीन महिन्यांनी चांगल्या प्रकारे सावरलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात 20.5 टक्के आणि दुसऱ्यात 21.6 टक्के होते. कडक नियंत्रणाचा काहीच फायदा दिसला नाही. साखर 40च्या खाली जाण्याचा धोकादायक प्रकार मात्र पहिल्या गटातल्या 15 रुग्णांत घडला, दुसऱ्यात एकाही नाही.

म्हणूनच आयसीयूत साधारणपणे साखर सलग 180च्या वर राहू लागली की इन्सुलिन सुरू करतात आणि ती 140 ते 180 या पट्ट्यात ठेवतात. घरी उपाशीपोटी 100 साखर पाहून समाधान वाटते. आयसीयूत इन्सुलिन चालू असताना तिथवर आणण्याची घाई केली, तर साखर घसरायला फारसे अंतर उरत नाही.

साखर नेमकी घसरते कशी? समजा, या रुग्णाला गिळता येत नाही, म्हणून नाकातल्या नळीने दर काही तासांनी पातळ आहार दिला जातो आणि त्या हिशेबाने इन्सुलिनही. दुपारी त्याला स्कॅनसाठी नेतात आणि त्यापायी आहार थांबतो. आधी दिलेले इन्सुलिन मात्र अंगात काम करत राहते. तासाभराने तो गुंगीत जातो, बोलणे अधिक अडखळते, घामाने अंग भिजते. पक्षाघात वाढला असे वाटते. सिस्टर ग्लुकोमीटर लावते, साखर 48!

मेंदूला इंधन म्हणून प्रामुख्याने साखरच लागते. ती कमी पडली की हातापायाची कमजोरी, बोबडे बोल, फिट अशी लक्षणे दिसतात आणि ती हुबेहूब पक्षाघातासारखी असतात. म्हणूनच गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन देण्याआधी साखर तपासणे सक्तीचे असते. हृदयरुग्णांत धोका वेगळा असतो. साखर घसरली की अ‍ॅड्रेनलिन उसळते, नाडी धावते आणि आधीच दुखावलेल्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यातच बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल, तर धडधड आणि थरथर ही इशारेवजा लक्षणे झाकली जातात, फक्त घाम सुटतो.

अशा वेळी उपाय म्हणजे शिरेतून ग्लुकोज आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. धोका असा की घाबरलेले नातेवाईक तोंडात साखरपाणी घालतात. ज्याला गिळता येत नाही, त्याच्या फुफ्फुसात ते उतरू शकते. आहार थांबला, उलटी झाली किंवा इन्सुलिन नुकतेच दिले आहे, हे घरच्यांनी लगेच सिस्टरला सांगितले तर मात्र फार मदत होते. मूत्रपिंड कमजोर असलेल्या आणि घरी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या रुग्णाची साखर एकदा सावरूनही पुन्हा घसरू शकते. म्हणून त्याच्यावर अनेक तास लक्ष ठेवावे लागते.

घरी सोडताना एचबीए1सीचा आकडा कागदावर लिहून घ्यावा. तो नॉर्मल असेल, तर आयसीयूतले इन्सुलिन घरी सुरू ठेवण्याची गरज बहुधा नसते, मात्र ते बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा. प्रकृती सावरल्यावर काही आठवड्यांनी साखर पुन्हा तपासली की मधुमेह आहे की नाही, याचा उलगडा होतो.