शेअर बाजारातील सोमवार-परिणाम : वास्तव की योगायोग?

प्रस्तावना :
शेअरचा परतावा आठवड्याच्या वारावर अवलंबून नसावा, असे कार्यक्षम बाजाराच्या सिद्धांतावरून अपेक्षित असते. केनेथ फ्रेंच यांनी १९८० मध्ये अमेरिकेतील स्टँडर्ड अँड पुअर्स निर्देशांकाच्या १९५३ ते १९७७ या कालखंडातील दैनिक परताव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. शुक्रवारच्या बंद भावापासून सोमवारच्या बंद भावापर्यंत तीन दिवस जातात. त्यामुळे सोमवारचा परतावा इतर दिवसांच्या तिप्पट, निदान त्यांच्याइतका तरी असावयास हवा होता. प्रत्यक्षात तो सरासरी उणे ०.१७ टक्के आढळला. इतर चारही दिवसांची सरासरी मात्र धन होती. बाजार बंद राहणे हेच याचे कारण असते, तर अन्य सुट्ट्यांनंतरही अशीच घट दिसली असती. फ्रेंच यांना ती सर्वसाधारणपणे आढळली नाही.

चाचणीची पद्धती :
पाच वार व बारा महिने अशा सतरा स्वतंत्र चाचण्या ५ टक्के सार्थकता पातळीवर घेतल्यास, कोणताही आकृतिबंध नसतानाही किमान एक चाचणी 'सार्थ' ठरण्याची संभाव्यता सुमारे ५८ टक्के असते. म्हणून एकेका वाराची स्वतंत्र चाचणी पुरेशी नाही.

यावर क्रमबदल चाचणी हा उपाय आहे. प्रत्येक आठवड्यातील परतावे तसेच ठेवून त्यांवरील वारांची नावे यादृच्छिक रीतीने अदलाबदल करावीत. आठवडा न मोडल्यामुळे तेजी-मंदीचे व अस्थिरतेचे दीर्घ कालखंड जसेच्या तसे राहतात. प्रत्येक वेळी पाच वारांपैकी एकूण सरासरीपासून सर्वाधिक दूर असलेल्या वाराचे अंतर नोंदवावे. ही क्रिया १०,००० वेळा केल्यावर मूळ अंतराइतके किंवा त्याहून मोठे अंतर ५०० पेक्षा कमी वेळा आढळले, तरच ते योगायोगापलीकडचे मानावे.

मर्यादा :
तथापि ही चाचणी संशोधकाने स्वतः तपासलेल्या पर्यायांचाच हिशेब ठेवते. त्याच आकडेवारीवर इतरांनी तपासून सोडून दिलेले पर्याय तिच्यात येत नाहीत. सुलिव्हन, टिमरमन व व्हाइट यांनी २००१ मध्ये हीच उणीव दाखविली. डाऊ जोन्स निर्देशांकाच्या शंभर वर्षांच्या आकडेवारीवर त्यांनी सुमारे ९,५०० दिनदर्शिकाधारित नियम एकत्रित तपासले. एकटा पाहता अत्यंत सार्थ वाटणारा सर्वोत्तम नियमही या संपूर्ण समूहाच्या संदर्भात सार्थ ठरला नाही.

निष्कर्ष :
यावरून सोमवार-परिणाम कधीच नव्हता, असे सिद्ध होत नाही. मात्र ज्या आकडेवारीतून एखादी कल्पना सुचली, तीच आकडेवारी त्या कल्पनेचा पुरावा होऊ शकत नाही, हे स्पष्ट होते. वार व परिणामाची दिशा आधी निश्चित करून, नंतरच्या कालखंडातील न पाहिलेल्या आकडेवारीवर घेतलेली चाचणीच अधिक विश्वसनीय ठरते.