क्रॅश डाएटनंतर वजन परत का वाढतं?

लग्नाची तारीख जवळ आली की अनेक जणी दिवसभर ज्यूस आणि काकडीवर राहतात. पहिल्याच आठवड्यात काटा दोन-तीन किलो खाली येतो, पण त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. पुढे प्रथिनं आणि व्यायाम कमी पडले, तर चरबीसोबत स्नायूही झिजतात.

खाणं तुटलं की शरीरही आपला खर्च आवरतं. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूजर’ या टीव्ही स्पर्धेतील १४ जणांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ३० आठवड्यांत सरासरी ५८ किलो वजन घटवलं होतं. सहा वर्षांनी त्यातलं ४१ किलो परत आलं. तरीही विश्रांती घेताना त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं.

म्हणूनच डाएट संपल्यावर पूर्वीइतकंच जेवलं, तरी ते आता जास्त ठरतं. चरबी लवकर परतते, स्नायू मागे राहतात. त्यापेक्षा आठवड्याला अर्धा किलोच उतरू द्या. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, अंडी किंवा पनीर ठेवा आणि आठवड्यातून दोनदा डंबेल्स उचला.